तीन मिनिटांच्या आत की तिसऱ्या मिनिटाला?

उभे राहताच रक्तदाब घसरण्याच्या विकाराचे, म्हणजे ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शनचे, सविस्तर वर्णन १९२५ साली झाले, तेव्हा समोर होते ते स्वायत्त मज्जासंस्था निकामी झालेले मोजके रुग्ण. पुढे रक्तदाबाची औषधे आली आणि कारणांचे चित्र पालटले. १९७० च्या दशकात प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या अल्फा-ब्लॉकर औषधाच्या पहिल्याच गोळीनंतर रुग्ण कोसळू लागले, म्हणून ती कमी मात्रेत आणि झोपताना देण्याची पद्धत रूढ झाली. वृद्धांमध्ये प्रोस्टेटसाठी दिली जाणारी अल्फा-ब्लॉकर औषधे आजही याच कारणाने संशयाच्या यादीत वरच्या क्रमांकावर असतात.

व्याख्या ठरली ती १९९६ मध्ये: उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० मिमीने घसरणे. २०११ च्या सुधारित मसुद्यात ही घसरण 'टिकून राहिलेली' असावी, असा शब्द आला आणि माझ्या मते गोंधळ तिथे वाढला. 'तीन मिनिटांच्या आत' याचा अर्थ अनेक वॉर्डांत 'तिसऱ्या मिनिटाला' असा लावला जातो आणि रक्तदाब तेवढा एकदाच मोजला जातो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मात्र पहिल्या मिनिटातील घसरणीचा चक्कर, पडणे आणि हाड मोडणे यांच्याशी अधिक ठळक संबंध दिसला.

समजा, ७८ वर्षांचे एक गृहस्थ प्रोस्टेटसाठी डॉक्साझोसिन आणि रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड हे मूत्रल औषध घेतात, आणि रात्री लघवीला उठताना पडतात. पाच मिनिटे आडवे ठेवून मोजल्यावर रक्तदाब १५०/८४ आणि नाडी ७० भरते. उभे राहून एक मिनिट झाल्यावर रक्तदाब १२२/७२ आणि नाडी ८८, तर तिसऱ्या मिनिटाला रक्तदाब १३८/८०. शेवटचाच आकडा पाहणारा त्यांना निर्दोष ठरवून घरी पाठवील. पहिल्या मिनिटाची २८ ची घसरण निदानासाठी पुरेशी आहे, आणि नाडी १८ ने वाढली असल्याने मज्जासंस्था प्रतिसाद देते आहे, म्हणजे दोष औषधांचा किंवा शरीरातील पाणी कमी झाल्याचा असण्याची शक्यता अधिक. रुग्ण नाडी मंदावणारे बीटा-ब्लॉकर औषध घेत असेल, तर नाडीवरून हा निष्कर्ष काढता येत नाही. खुर्चीतून उठवून केलेल्या चाचणीत घसरण कमी दिसते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

अशा रुग्णाची सगळी औषधे एकदम बंद करणे चुकीचे आहे, कारण अनियंत्रित उच्च रक्तदाबानेही ही घसरण वाढते. आधी डॉक्साझोसिनला पर्याय शोधावा, काही दिवसांनी सकाळी उठताच पुन्हा मोजावे आणि त्यानंतरच मूत्रल औषधाचा विचार करावा. तोवर पलंगावरून उठण्यापूर्वी पाय लोंबते ठेवून थोडे बसावे, पोटऱ्या आवळाव्यात आणि रात्री लघवीसाठी भांडे पलंगाजवळच ठेवावे.