पाळीच्या मध्यावरची कळ : दिवस मागून मोजावे लागतात

अमळनेर तालुक्यातल्या एका गावाची सत्तावीस वर्षांची स्त्री डिसेंबरच्या पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसली होती. ऐन कापूस वेचणीचे दिवस होते. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून वेचणी केल्यामुळेच ओटीपोटात कळ येते, असे घरच्यांचे म्हणणे होते, तिला मात्र वेगळीच भीती होती. ‘‘डॉक्टर, मांगला दोन महिना उजवी बाजूले दुखस, अपेंडिक्स शे का?’’ असे तिने अहिराणीत विचारले. या वेळी आदल्या संध्याकाळपासून दुखत होते आणि तेही डाव्या बाजूला. अपेंडिक्स डावीकडे सरकत नाही, त्यामुळे तिचा गोंधळ अधिकच वाढला होता.

दोन पाळ्यांच्या मध्यावर, स्त्रीबीज बाहेर पडताना येणाऱ्या अशा दुखण्याची शंका तिच्या गावाकडच्या दवाखान्यात एकदा घेतली गेली होती, पण ती लगेच सोडूनही दिली गेली. कारण, दुखणे चौदाव्या दिवशी आले नव्हते. स्त्रीबीज चौदाव्या दिवशी बाहेर पडते, हे वाक्य शाळेच्या पुस्तकापासून सर्वत्र इतके पक्के बसले आहे की, ते फक्त अठ्ठावीस दिवसांच्या पाळीपुरते खरे आहे, हे विसरले जाते.

पाळीच्या चक्राचे दोन भाग असतात. पाळी आल्यापासून स्त्रीबीज बाहेर पडेपर्यंतचा पहिला भाग लवचिक असतो. तो कोणाचा बारा दिवसांत आटोपतो, तर कोणाचा बावीस दिवस चालतो, आणि एकाच स्त्रीमध्येही महिन्यागणिक मागेपुढे होतो. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा दुसरा भाग मात्र बराच ठरलेला, बहुतेकींमध्ये दोन आठवड्यांच्या आसपासचा असतो. म्हणून बीज बाहेर पडण्याचा दिवस शोधायचा तर मागच्या पाळीपासून पुढे न मोजता, पुढच्या पाळीपासून मागे मोजावे लागते.

या बाईंच्या घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाळीच्या तारखेवर टिंब आणि दुखण्याच्या तारखेवर फुली करण्याची सवय होती, हे आमचे भाग्यच. 2 सप्टेंबरला पाळी आली, 23 सप्टेंबरला उजवीकडे दुखले आणि 7 ऑक्टोबरला पुढची पाळी आली. त्यानंतर 25 ऑक्टोबरला पुन्हा उजवीकडे दुखले आणि 9 नोव्हेंबरला पाळी आली. पाळीपासून पुढे मोजले, तर हे दुखणे एकदा बाविसाव्या आणि एकदा एकोणिसाव्या दिवशी आले, म्हणजे त्याला काही नियमच दिसत नाही. तेच पुढच्या पाळीपासून मागे मोजले, तर एकदा चौदा आणि एकदा पंधरा दिवस आधी आले. तिची पाळी लांब अंतराने येते, एवढाच त्याचा अर्थ होता.

ही कळ नेमकी कशामुळे येते? अंडाशयात स्त्रीबीज द्रवाने भरलेल्या एका लहान पिशवीत वाढते. सोनोग्राफी करताना डॉक्टर तिला फॉलिकल म्हणतात. बीज स्वतः मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढेच असते, पण त्याची पिशवी फुटण्याआधी साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे एखाद्या मध्यम बोराएवढी, फुगते आणि अंडाशयाच्या पृष्ठभागावर ताण आणते. पिशवी फुटली की तिच्यातला द्रव आणि कधी थोडेसे रक्त पोटाच्या पोकळीत उतरते. पोटाला आतून असलेल्या पातळ अस्तराला रक्ताचा हा स्पर्श झोंबतो आणि ते शोषले जाईपर्यंत दुखत राहते. काहींना त्याच सुमारास एखादा लाल किंवा तपकिरी डागही दिसतो. ज्या बाजूचे अंडाशय त्या महिन्यात बीज सोडते, त्या बाजूला दुखते, आणि बाजू दर महिन्याला आळीपाळीने बदलतेच असे नाही. म्हणूनच तिला सलग दोनदा उजवीकडे आणि मग डावीकडे दुखले.

त्या दिवशी आम्ही आधी लघवीची गर्भतपासणी केली. ती नकारार्थी आली. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात पिशवी फुटल्याच्या खुणा दिसल्या आणि गर्भाशयामागच्या खोलगट जागेत थोडासा द्रव दिसला. अपेंडिक्स सुजल्याचे काहीही दिसले नाही. तिला ताप नव्हता, भूक नेहमीसारखी होती आणि पोट दाबल्यावर फक्त डावीकडे, जांघेच्या वर, हलके दुखत होते. पोट शेकायचे आणि गरज वाटल्यास पॅरासिटामॉल घ्यायचे, एवढेच उपचार पुरले. मूल हवे असलेल्या स्त्रियांनी मात्र या दिवसांत आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या सतत घेऊ नयेत, कारण पिशवी फुटण्याची क्रिया त्या लांबवू शकतात.

हे निदान करताना घाई कुठे नडते, ते सांगणे मला आवश्यक वाटते. अपेंडिक्सचे दुखणे बहुधा बेंबीच्या आसपास सुरू होऊन काही तासांनी उजवीकडे खाली उतरते, सोबत भूक जाते, मळमळते, ताप येतो आणि दुखणे तासागणिक वाढत जाते. बीज बाहेर पडतानाची कळ मात्र सुरुवातीपासूनच एका बाजूला असते आणि साधारण एक-दोन दिवसांत ओसरते. अंडाशयाला पीळ पडला, तर अचानक असह्य कळ येते आणि उलट्या होतात. पाळी चुकली असताना किंवा अवेळी रक्तस्राव होत असताना एका बाजूला दुखून चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाला दुखू लागले, तर गर्भ नळीत राहिल्याची शक्यता धरून रात्र असली तरी दवाखाना गाठावा. दर महिन्याला याच वेळी दुखते, म्हणून या वेळचेही तेच असेल, हे गृहीत धरणे धोक्याचे आहे, कारण ज्या स्त्रीला ही कळ येते तिला अपेंडिक्सही होऊ शकते.

दुसरी चूक याहून अधिक सर्रास होते. ही कळ म्हणजे निसर्गाने दिलेली सूचना आहे, असे समजून काही जोडपी तेवढे दिवस टाळतात आणि मग दिवस गेल्याचे आश्चर्य करतात. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते, म्हणजे कळ येण्याच्या तीन दिवस आधीचा संबंधही गर्भधारणेला पुरतो. शिवाय कळ कधी पिशवी फुटण्याआधी, ती ताणलेली असतानाच येते, तर कधी फुटल्यावर. त्यामुळे तिच्यावरून बीज बाहेर पडण्याची नेमकी वेळ सांगता येत नाही.

तिची पुढची पाळी 15 डिसेंबरला आली, म्हणजे 1 डिसेंबरच्या तपासणीनंतर बरोबर चौदा दिवसांनी. तिची नोंदलेली चक्रे तेहतीस ते छत्तीस दिवसांची असल्यामुळे त्यापुढची पाळी 17 ते 20 जानेवारीच्या दरम्यान येईल आणि कळ आलीच तर 3 ते 6 जानेवारीच्या आसपास येईल, असे आम्ही दोघींनी दिनदर्शिकेवर मोजून त्या तारखांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. रेघेपासून बरेच दूर दुखले, दोन दिवसांपेक्षा जास्त टिकले किंवा ताप आला, तर वेचणी सोडून आधी दवाखान्यात यायचे, असे तिने त्याच पानाच्या समासात स्वतःच्या हाताने लिहून घेतले.