साइन लहरीचा त्रिकोण होतो तेव्हा

विमानाचा नियंत्रण-फलक हलवणारा एक अ‍ॅक्च्युएटर घेऊ. तो सेकंदाला जास्तीत जास्त 60 अंश वळतो. ही वेगमर्यादा मोटरमुळे, तेलाच्या प्रवाहामुळे किंवा सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम घातलेल्या बंधनामुळे येते. आता त्याला सेकंदाला एक फेरा या गतीने, दोन्ही बाजूंना 5 अंश झुलायला सांगा. अशा साइन लहरीचा सर्वाधिक वेग 2π × 1 × 5, म्हणजे सुमारे 31 अंश प्रति सेकंद. हे त्याला सहज जमतं आणि मर्यादेचा मागमूसही दिसत नाही.

तोच झोका 20 अंशांचा केला की मागणी 126 अंश प्रति सेकंदावर जाते. फलक बिचारा 60 च्या वर जाणार नाही. तो पूर्ण वेगाने सरळ रेषेत चढतो, सरळ रेषेत उतरतो आणि साइनऐवजी त्रिकोणी लहर काढतो. अर्ध्या सेकंदाच्या चढाईत तो एकूण 30 अंश फिरतो, म्हणून त्रिकोणाची टोकं 15 अंशांवर येतात.

खरी गोम या टोकांच्या वेळेत आहे. आज्ञा 20 अंशांचं शिखर गाठून उतरायला लागते, तेव्हा फलक अजून खाली असतो आणि आज्ञेला गाठण्यासाठी वर चढतच राहतो. उतरणारी आज्ञा 15 अंशांवर त्याला भेटते, तेव्हा कुठे तो वळतो. त्रिकोणमितीने हा उशीर काढता येतो: cos φ = 15/20, म्हणजे φ सुमारे 41 अंश, वेळेत 0.115 सेकंद. तेवढा वेळ आज्ञा ‘खाली’ म्हणते आणि फलक वर जात असतो. आज्ञा 30 अंशांची केली तर हा फेज लॅग 60 अंश होतो.

नियंत्रण-लूप म्हणजे चूक मोजून सतत दुरुस्ती मागणारी साखळी. ती आखताना साधारण 45 अंशांचं फेज मार्जिन ठेवतात, म्हणजे लूप अस्थिर होण्याआधी एवढा जादा लॅग सोसू शकतो. 41 अंशांचा हा लॅग त्यातलं जवळपास सगळं खाऊन टाकू शकतो. जास्त गेनच्या लूपमध्ये प्रकरण लवकर चिघळतं, कारण लहानशा चुकीलाही लूप मोठी आणि चपळ दुरुस्ती मागतो. दुरुस्ती उशिरा पोचते, चूक वाढते, पुढची मागणी आणखी मोठी होते आणि लॅगही वाढतो. त्रिकोणी लहरीमुळे प्रत्यक्ष गेन कमी होतो हे खरं, आणि काही लूपना त्याने आधार मिळतो. पण जे यंत्र मुळातच अस्थिर आहे, ज्याला सावरायला भरपूर गेन लागतो, त्याच्यासाठी तीही वाईटच बातमी.

ऑगस्ट 1993 मध्ये स्टॉकहोमवर प्रात्यक्षिक करताना कोसळलेलं ग्रिपेन हे स्वीडिश लढाऊ विमान असंच होतं. पिच अक्षावर, म्हणजे नाक वर-खाली होण्याच्या दिशेने, ते मुद्दाम अस्थिर ठेवलेलं होतं. वैमानिकाच्या मोठ्या, झटपट हालचालींनी फलक वेगमर्यादेला पोचले आणि त्याला विमानाचा प्रतिसाद उशिरा मिळू लागला. तो बाहेर पडून वाचला. मर्यादा ओलांडेपर्यंत जादा लॅग शून्य असतो, त्यामुळे वैमानिकाला आधी इशारा मिळत नाही. कड्यावरून पाय घसरावा तसं होतं.

मग हे ओळखायचं कसं? पहिली खूण म्हणजे वागणं धक्क्याच्या आकारानुसार बदलतं. लहान धक्क्याने उठलेलं डोलणं विरून जातं, मोठ्या धक्क्याने सुरू झालेलं टिकतं. नुसता गेन जास्त झाला असता तर लहान धक्काही वाढत गेला असता. त्यामुळे चाचणी एकाच वारंवारतेवर, पण दोन वेगवेगळ्या आकारांच्या आज्ञा देऊन करावी. रेषीय यंत्रणेत दोन्ही वेळी लॅग सारखाच येतो. मोठ्या आज्ञेला तो वाढला, तर संशय पक्का होतो. फक्त लहान आज्ञांवर चाचणी करून ‘पास’ लिहिणं ही नेहमीची चूक.

दुसरी खूण नोंदीत असते. फलकाच्या मोजलेल्या स्थितीवरून वेग काढा. मोजमापातला गोंगाट फुगू नये म्हणून तो लागोपाठच्या दोन नमुन्यांऐवजी थोड्या मोठ्या अंतरावर काढा:

```python
k = 5
rate = (pos[k:] - pos[:-k]) / (k * dt)
sat = abs(rate) > 0.95 * R
print(sat.mean())
```

`pos` हा मोजलेल्या स्थितीचा NumPy अ‍ॅरे, `dt` दोन नमुन्यांमधला वेळ आणि `R` म्हणजे वेगमर्यादा. डोलण्याच्या काळात `sat.mean()` एकाजवळ आला, म्हणजे फलक जवळजवळ सगळा वेळ पूर्ण वेगाने धावतोय. त्याच वेळी आज्ञा मागे वळल्यावरही फलक पुढे जाताना दिसला, तर निदान झालं. मात्र `R` माहितीपत्रकातून उचलू नका. तिथला वेग बहुधा भाराविना मोजलेला असतो, आणि भाराखाली किंवा बॅटरी उतरल्यावर तो घटतो. आलेखातल्या सरळ उतारावरूनच तो मोजा.

एक सापळा मात्र मी म्हणेन सगळ्यात फसवा. वेगाचं बंधन सॉफ्टवेअरमध्ये असेल आणि आज्ञा त्या बंधनानंतर नोंदवली जात असेल, तर आज्ञा आणि फलक दोघंही तोच त्रिकोण काढतात. एकमेकांवर छान बसतात आणि अ‍ॅक्च्युएटर निर्दोष ठरतो. तुलना करायची ती बंधनाच्या आधीच्या आज्ञेशी.