ब्राँकोस्कोपी : दुर्बिणीआधी घसा का बधिर करतात?

फुप्फुसाची दुर्बीण करायची आहे असे डॉक्टरांनी सांगितले, की रुग्णाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो नळी आत जाताना जीव गुदमरेल का, हा. ही भीती अगदी स्वाभाविक आहे. जेवताना भाताचे एक शीत चुकून श्वासनलिकेकडे गेले तरी जो ठसका लागतो तो प्रत्येकाने अनुभवलेला असतो. मग बोटाच्या निम्म्या जाडीची नळी तिथे कशी सहन होणार? या तपासणीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास मुख्यतः याच प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे. दुर्बिणी बदलत गेल्या हे खरे, परंतु ठसका आवरण्याची विद्या सापडली नसती तर त्यांपैकी एकही दुर्बीण स्वरतंतूंच्या पलीकडे गेली नसती.

ती विद्या फुप्फुसांच्या नव्हे, तर डोळ्यांच्या उपचारातून आली. १८८४ साली व्हिएन्नामध्ये कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब टाकून डोळ्याचा पृष्ठभाग बधिर करून दाखवला. रुग्ण जागा असतानाच शरीराचा एखादा ओलसर, नाजूक भाग तेवढ्यापुरता बधिर करता येतो, हे त्यातून सिद्ध झाले आणि घशाच्या डॉक्टरांनी ही युक्ती लगेच उचलली. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील गुस्ताव किलियान हे त्यांपैकीच एक. ३० मार्च १८९७ रोजी त्यांच्याकडे ६३ वर्षांचा एक शेतकरी आला. डुकराच्या मांसाचे जेवण करताना हाडाचा तुकडा त्याच्या उजव्या मुख्य श्वासनलिकेत अडकला होता. त्या काळी अशी वस्तू आत राहिली की फुप्फुसात पू होऊन रुग्ण बहुधा दगावत असे. किलियान यांनी कोकेनने घसा व श्वासनलिका बधिर केली, अन्ननलिका पाहण्यासाठी वापरली जाणारी सरळ, कडक नळी तोंडातून श्वासमार्गात उतरवली आणि चिमट्याने सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीचे ते हाड बाहेर काढले. श्वासनलिकेच्या फांद्या ताठ नसून लवचीक आहेत, त्यामुळे सरळ नळीने त्या हलकेच बाजूला सरकवता येतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. डाव्या फांदीच्या मानाने उजवी फांदी अधिक सरळ आणि रुंद असते. म्हणूनच त्या शेतकऱ्याचे हाड उजवीकडे गेले आणि आजही सुपारीचे खांड किंवा शेंगदाणा बहुधा तिकडेच सापडतो.

पुढे अमेरिकेतील शेव्हालिए जॅक्सन यांनी नळीच्या आतल्या टोकाला छोटा दिवा बसवला आणि गिळलेल्या किंवा श्वासात गेलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू आयुष्यभरात बाहेर काढल्या. टाचण्या, बटणे आणि नाणी यांचा तो संग्रह फिलाडेल्फियातील म्यूटर संग्रहालयात अजून पाहायला मिळतो. मात्र नळी कडकच होती आणि लहान मुलांची तपासणी तर जॅक्सन बहुतेक वेळा भूल न देताच करत. आपल्याकडच्या वयस्कर मंडळींच्या मनात ‘दुर्बीण’ या शब्दाची जी धास्ती असते, तिचा काही भाग या कडक नळीच्या काळातून आलेला असावा, असे मला वाटते.

खरा पालट जपानमध्ये झाला. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील शिगेतो इकेदा यांनी काचेच्या केसासारख्या हजारो तंतूंची जुडी वापरून वाकणारी ब्राँकोस्कोप तयार करून घेतली आणि १९६६ साली कोपनहेगन येथील परिषदेत ती मांडली. या नळीला मान मागे ताणून धरण्याची गरज उरली नाही आणि ती नाकातूनही जाऊ लागली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तंतूंच्या जागी टोकाशी सूक्ष्म कॅमेरा आला आणि डॉक्टर डोळा लावून पाहण्याऐवजी पडद्यावर पाहू लागले. आजची नेहमीची नळी साधारण ५ ते ६ मिलिमीटर जाडीची असते, तर प्रौढ माणसाची मुख्य श्वासनलिका साधारण १५ ते २० मिलिमीटर रुंद असते. म्हणजे नळीच्या चहूबाजूंनी हवा येण्याजाण्यास पुरेशी वाट मोकळी राहते. जीव गुदमरल्यासारखे वाटते ते हवा कमी पडल्यामुळे नव्हे, तर बधिर झालेल्या घशातून हवा जात असल्याचे जाणवत नाही म्हणून. ही एक गोष्ट आधी कळली, तर तपासणीच्या वेळची निम्मी घबराट कमी होते.

कोकेनची जागा लिग्नोकेनने घेतली. स्वीडनमध्ये १९४३ साली निल्स लोफग्रेन यांनी तयार केलेले हे औषध कोकेनपेक्षा बरेच सुरक्षित असले, तरी त्यालाही मर्यादा आहे, कारण श्वासमार्गातून ते झपाट्याने रक्तात शोषले जाते. ही मर्यादा एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, ५० किलो वजनाच्या एका बाईंना तीन आठवड्यांपासून ताप आहे, थुंकीत रक्ताचे धागे दिसतात, एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग आहे आणि बेडक्याच्या दोन तपासण्यांत क्षयाचे जंतू सापडलेले नाहीत. औषधे अंदाजाने सुरू करण्यापेक्षा डागाच्या जागेवरूनच नमुना आणावा, असे डॉक्टर ठरवतात. लिग्नोकेनची एकूण मात्रा दर किलो वजनामागे साधारण ८ मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे, म्हणजे या बाईंसाठी ४०० मिलिग्रॅम. दहा टक्के द्रावणाच्या घशातल्या फवाऱ्यात प्रत्येक दाबाला १० मिलिग्रॅम औषध जाते, त्यामुळे दहा फवारे म्हणजे १००. नाकात घातलेल्या दोन टक्क्यांच्या ५ मिलिलिटर जेलमध्ये आणखी १००. उरलेल्या २०० मिलिग्रॅममध्ये स्वरतंतू आणि आतल्या फांद्या बधिर करायच्या असतात. एक टक्क्याचे द्रावण वापरले तर त्यासाठी २० मिलिलिटर मिळतात, दोन टक्क्यांचे वापरले तर १०च. म्हणून ‘अजून थोडे बधिर करा’ असे रुग्णाने म्हटले, तरी डॉक्टरांना तसे दर वेळी करता येत नाही. ओठांभोवती मुंग्या येणे, कानात गुणगुणणे किंवा तोंडाला धातूसारखी चव येणे ही औषध जास्त झाल्याची पहिली खूण असते आणि ती रुग्णालाच आधी कळते, म्हणून ती लपवू नये.

उपाशी राहण्याचा नियमही याच बधिरतेतून आला आहे. ठसका हा फुप्फुसाचा पहारेकरी असतो आणि औषधाने तो काही काळ झोपलेला असतो. त्या वेळी पोटातले अन्न वर आले तर ते बिनअडथळा फुप्फुसात उतरेल. म्हणून तपासणीआधी सहा तास घन पदार्थ आणि दूध घेऊ नये व साधे पाणी दोन तास आधी थांबवावे, असे सांगितले जाते. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण सकाळचा अर्धा कप चहा घेतल्यामुळे पुढे ढकललेल्या तपासण्या थोड्याथोडक्या नसतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी कसे घ्यायचे, हे आधी विचारून ठेवावे. रक्त पातळ करणाऱ्या औषधांपैकी अ‍ॅस्पिरिन बहुधा चालू ठेवता येते. क्लोपिडोग्रेल मात्र तपासणीसाठी फुप्फुसाचा तुकडा काढायचा असल्यास पाच ते सात दिवस आधी थांबवावे लागते. हृदयात स्टेंट असलेल्याने ते स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. हृदयविकाराच्या आणि छातीच्या डॉक्टरांनी ते मिळून ठरवायचे असते. दम्याच्या रुग्णाला आधी वाफेतून औषध दिले जाते. कवळी काढून ठेवावी लागते. लाळ सुकवण्यासाठी पूर्वी ॲट्रोपिनचे इंजेक्शन सर्रास दिले जाई. त्याचा फारसा उपयोग नाही असे आढळल्यावर ती पद्धत मागे पडली.

गुंगी द्यायची की नाही, याबाबत आपल्याकडे सर्वत्र एकच पद्धत नाही. अनेक रुग्णालयांत केवळ स्थानिक बधिरतेवर तपासणी होते. काही ठिकाणी शिरेतून मिडाझोलॅम दिले जाते. हे औषध एकदम न देता एक-दोन मिलिग्रॅमच्या टप्प्यांत, परिणाम पाहत दिले जाते आणि वयस्करांना आणखी कमी लागते. ही पूर्ण भूल नव्हे. रुग्ण सूचना ऐकतो, खोकतो, हातही हलवतो, परंतु यांपैकी बरेचसे त्याला नंतर आठवत नाही. श्वास मंदावण्याचा धोका असल्याने बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी लावतात, नाकाशी ऑक्सिजन ठेवतात आणि गुंगी उतरवणारे फ्लुमाझेनिल हाताशी असते. संमतीपत्रावर सही गुंगीआधीच झाली पाहिजे, आणि सोबत घरचे माणूस हवेच, कारण त्यानंतर २४ तास गाडी चालवायची नसते.

प्रत्यक्षात काय जाणवते? फवारा कडू लागतो. दोन-तीन मिनिटांत घसा सुजल्यासारखा वाटतो आणि आवंढा गिळता येत नाही. लाळ गिळण्याची धडपड न करता ती तशीच बाहेर येऊ द्यावी. नाकातून नळी जाताना दाब जाणवतो. सर्वांत अवघड क्षण स्वरतंतूंचा असतो: तिथे औषध पडताच जोराचा ठसका लागतो आणि तो सुमारे अर्ध्या मिनिटात ओसरतो. या वेळी घाईने खोल श्वास घेण्याऐवजी छोटे, सावकाश श्वास घेतले तर ठसका लवकर शमतो. नळी स्वरतंतूंच्या मध्ये असल्याने बोलता येत नाही, म्हणून हाताची खूण आधीच ठरवून घ्यावी. नमुना मिळवण्यासाठी आपल्या उदाहरणातल्या बाईंच्या फुप्फुसाच्या त्या डागाच्या भागात एकूण १०० मिलिलिटरच्या आसपास सलाइन थोडे थोडे सोडून परत ओढले जाते. सगळे परत येत नाही. उरलेले शरीर शोषून घेते. फुप्फुसाच्या आतल्या अस्तराला टोचल्याची वेदना जवळपास नसते, म्हणून तुकडा काढताना दुखत नाही, केवळ ओढ जाणवते. छातीत किंवा खांद्यात टोचले, तर चिमटा फुप्फुसाच्या बाहेरच्या आवरणाजवळ पोहोचला असण्याची शक्यता असते आणि हात वर करायचा तो तेव्हाच. एकूण वेळ साधारण १५ ते ३० मिनिटे.

त्यानंतर घशाची बधिरता जाईपर्यंत, म्हणजे साधारण दोन तास, पाणीही पिऊ नये. मग आधी एक घोट पाणी पिऊन पाहावे आणि ठसका लागला नाही तरच जेवावे. दिवसभर थुंकीत रक्ताचे धागे दिसणे आणि संध्याकाळी थोडा ताप येणे हे सलाइन व चिमट्यामुळे होऊ शकते. मात्र चमचाभराहून अधिक ताजे रक्त, वाढता दम किंवा श्वास घेताना छातीत कळ येणे यांपैकी काहीही झाले तर लगेच रुग्णालय गाठावे. फुप्फुसाच्या आतून तुकडा काढला असेल तर हवा बाहेर निसटून छातीत साठण्याची शक्यता असते. रुग्णांपैकी थोड्याच जणांना हे होते आणि तपासणीनंतर घेतलेल्या एक्स-रेत ते बहुधा दिसते. त्या बाईंच्या नमुन्यावर क्षयाच्या जंतूंची जनुकीय चाचणी यंत्रात दोनेक तासांत होते, तर जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीसाठी सहा आठवड्यांपर्यंत थांबावे लागते. जनुकीय चाचणीत काही सापडले नाही, तरी हा दुसरा अहवाल येईपर्यंत क्षय नाही असे धरून चालता येत नाही.