कवके आणि वनस्पती : पेशीभित्तिका, पोषण व प्रजनन यांतील भेद

यीस्ट, बुरशी आणि अळंबी (भूछत्रे) ही तिन्ही कवके आहेत. ती एका जागी वाढतात, त्यांच्या पेशींभोवती कठीण भित्तिका असते आणि बीजाणूंनी त्यांचा प्रसार होतो. एवढ्या साम्यामुळे त्यांची गणना फार काळ वनस्पतींत होत राहिली. रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली, तेव्हा कवकांना स्वतंत्र सृष्टी दिली आणि त्यासाठी त्यांच्या पोषणाच्या पद्धतीचा आधार घेतला. पुढे जनुकांच्या तुलनेतून कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची असल्याचे दिसून आले. म्हणजे भित्तिका दोघांकडेही असली, तरी ती एका वारशातून आलेली नाही. हे तिच्या घडणीतच दिसते, म्हणून तुलना तिथूनच सुरू करणे सोयीचे.

भित्तिकेची घडण

वनस्पतीच्या भित्तिकेचा कणा सेल्युलोजचा असतो. ग्लुकोजचे हजारो रेणू एका सरळ साखळीत जोडले जातात, अशा साखळ्यांचे धागे बनतात आणि ते पेक्टिनसारख्या पदार्थांत रुतलेले राहतात. लाकडात त्यांच्या जोडीला लिग्निनही येते. कवकांच्या भित्तिकेत ग्लुकान नावाच्या, वेगळ्या तऱ्हेने जोडलेल्या ग्लुकोजच्या साखळ्या, कायटिन आणि शर्करायुक्त प्रथिने असतात. कायटिन म्हणजे कीटकांच्या आणि खेकड्यांच्या कवचात सापडणारा पदार्थ. गंमत अशी, की तो आधी सापडला तो अळंबीत. आंरी ब्राकोनो यांनी १८११ मध्ये अळंबीतून तो वेगळा केला. ‘कायटिन’ हे नाव त्याला १८२३ मध्ये कीटकांवरील अभ्यासातून मिळाले.

तिन्ही कवकांत कायटिनचे प्रमाण मात्र सारखे नसते. पावाच्या यीस्टमध्ये ते भित्तिकेच्या कोरड्या वजनाच्या एक-दोन टक्केच असते आणि तेही मुख्यतः मुकुल, म्हणजे मातृपेशीवर फुटलेली नवी पेशी, सुटून गेल्यावर राहणाऱ्या वणावर साठलेले. बुरशीच्या आणि अळंबीच्या तंतूंत ते बरेच जास्त असते. अळंबी कितीही वेळ शिजवली तरी लगदा होत नाही, याचे कारण इथेच आहे. भाजी मऊ पडते ती उष्णतेने पेक्टिन सुटून पेशी एकमेकींपासून विलग होतात म्हणून. अळंबीत पेक्टिन नसते आणि कायटिन व ग्लुकान उकळत्या पाण्यात टिकून राहतात.

रासायनिक दृष्ट्या कायटिन आणि सेल्युलोज यांत फरक लहानसाच आहे. सेल्युलोजच्या प्रत्येक कडीतील एका हायड्रॉक्सिल गटाच्या जागी कायटिनमध्ये नायट्रोजनयुक्त गट येतो. त्यामुळे कायटिनच्या वजनात सुमारे ७ टक्के नायट्रोजन असतो आणि सेल्युलोजमध्ये मुळीच नसतो. या लहान फरकाचा व्यवहारात मोठा परिणाम होतो. अन्नातील प्रथिने मोजताना सहसा नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. समजा, १०० ग्रॅम वाळलेल्या अळंबीत ५ ग्रॅम नायट्रोजन सापडला, तर या हिशेबाने प्रथिने ३१ ग्रॅमहून थोडी जास्त येतील. पण त्यातला काही नायट्रोजन कायटिनसारख्या प्रथिनेतर पदार्थांचा असतो. म्हणून अळंबीसाठी ४.३८ हा गुणक वापरतात आणि उत्तर सुमारे २२ ग्रॅम येते. अळंबीतील प्रथिनांचे आकडे दोन ठिकाणी जुळत नसतील, तर आधी कोणता गुणक वापरला आहे ते पाहावे.

भित्तिकेची ओळख पटवताना एक चूक वारंवार होते. कॅल्कोफ्लुओर व्हाइट हे रंजक वापरले, की अतिनील प्रकाशात कवकांचे तंतू निळसर चमकतात. पण हे रंजक सेल्युलोजलाही चिकटते, त्यामुळे नमुन्यात कापसाचा धागा पडला तर तोही तसाच चमकतो. म्हणून नुसत्या चमकेवर विसंबू नये. तंतूला फांद्या फुटल्या आहेत का, आतून आडवे पडदे आहेत का, हेही पाहावे लागते.

भित्तिका पाहिली नाही तर काय होते, याचे उदाहरण म्हणजे बटाट्याचा उशिरा येणारा करपा. १८४५ पासून आयर्लंडमध्ये जे पीक बुडाले, ते या रोगामुळे. त्याचा कारक फायटॉप्थोरा इन्फेस्टन्स दिसायला हुबेहूब बुरशीसारखा असल्याने दीर्घकाळ कवक मानला गेला. त्याची भित्तिका प्रामुख्याने ग्लुकान आणि सेल्युलोजची आहे आणि वंशाने तो तपकिरी शैवलांचा आप्त ठरतो. कवके आपल्या पेशीपटलासाठी अर्गोस्टेरॉल बनवतात, हा जीव ते बनवत नाही. म्हणून अर्गोस्टेरॉलची निर्मिती अडवणारी नेहमीची कवकनाशके त्याच्यावर चालत नाहीत.

पोषण : पचन बाहेर, शोषण आत

वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून प्रकाशाच्या साहाय्याने साखर बनवते. कवकांकडे हरितलवक नसतात. त्यांना तयार सेंद्रिय पदार्थ लागतो. तो प्राण्याप्रमाणे गिळणे भित्तिकेमुळे शक्य नसते. त्यामुळे कवके विकरे बाहेर सोडतात, बाहेरच्या बाहेर मोठे रेणू तोडतात आणि विरघळलेले लहान रेणू भित्तिकेतून आत घेतात. कवक जिथे वाढते तिथे ओल का लागते, हेही यावरून कळते. पाण्याविना विकर बाहेर पसरत नाही आणि साखर आत येत नाही.

यीस्टच्या बाबतीत हे सहज पाहता येते. दोन बाटल्यांत प्रत्येकी २०० मिलिलिटर, सुमारे ३५ अंश सेल्सियसचे कोमट पाणी आणि ३ ग्रॅम कोरडे यीस्ट घ्यावे. एकीत १० ग्रॅम साखर, दुसरीत १० ग्रॅम कॉर्नफ्लोअर घालून तोंडाला फुगे लावावेत. साखरेच्या बाटलीचा फुगा तासाभरात फुगू लागतो, दुसरा जवळजवळ तसाच राहतो. उसाच्या साखरेचा रेणू यीस्टचे इन्व्हर्टेज विकर पेशीपटलाबाहेर, भित्तिकेच्या जागेतच तोडते आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज आत जातात. स्टार्च तोडणारे विकर मात्र पावाच्या यीस्टकडे नसते. कणीक फुगते, कारण पिठातील धान्याचीच विकरे थोड्या स्टार्चची साखर करून देतात. १० ग्रॅम साखर पूर्ण आंबली, तर २५ अंशांना जवळजवळ २.९ लिटर कार्बन डायऑक्साइड निघेल. प्रत्यक्षात काही साखर नव्या पेशींत जाते आणि काही वायू पाण्यात विरघळतो, त्यामुळे तो कमी मिळतो. दोन्ही फुगे पडून राहिले, तर पाणी जास्त गरम होते का किंवा यीस्ट जुने होते का, ते तपासावे. सुमारे ५५ अंशांच्या वर यीस्ट मरते.

बुरशी हेच काम तंतूंनी करते. तंतू टोकाशी वाढतो. तिथली नवी भित्तिका मऊ असते आणि आतील पाण्याचा दाब तिला पुढे रेटतो. विकरेही प्रामुख्याने टोकाकडूनच सुटतात. अशा रीतीने बुरशी अन्न पचवत पचवत त्याच्या आत शिरते. पावावर हिरवा किंवा काळा डाग दिसतो तो बीजाणूंचा. तो दिसेपर्यंत रंगहीन तंतू आत बरेच दूर गेलेले असतात. म्हणून मऊ, ओलसर पदार्थावरचा डाग कापून काढला, तरी उरलेला भाग स्वच्छ झाला असे समजू नये.

साठवणीचे अन्नही वेगळे असते. वनस्पती स्टार्च साठवते, कवके प्राण्यांप्रमाणे ग्लायकोजेन. बटाट्याच्या आणि अळंबीच्या पातळ कापावर विरळ आयोडिनचा थेंब टाकला, तर बटाटा निळा-काळा होतो आणि अळंबी पिवळसर-तपकिरीच राहते. मात्र काही अळंब्यांच्या बीजाणूंची भित्तिका आयोडिनने निळसर होते, रुसुला ही प्रजाती त्यांतलीच. तो रंग साठवलेल्या स्टार्चचा नसतो, म्हणून चाचणीसाठी टोपीखालील पडद्यांऐवजी देठाचा काप घ्यावा.

कवकांना प्रकाश नकोच असतो, हा समज मात्र पूर्ण खरा नाही. अन्नासाठी तो लागत नाही, पण काहींना खूण म्हणून लागतो. धिंगरी अळंबी अंधारात ठेवली, तर देठ लांबतात आणि टोप्या खुज्या राहतात. हवा कोंडून कार्बन डायऑक्साइड साचला तरी अशीच लक्षणे दिसतात, म्हणून प्रकाश आणि हवा दोन्ही तपासावीत. बटण अळंबीला प्रकाशाची गरज नसते.

प्रजनन

यीस्टच्या पेशीला मुकुल फुटतो, त्यात एक केंद्रक जाते आणि तो वेगळा होतो. अनुकूल स्थितीत पावाच्या यीस्टला यासाठी सुमारे दीड तास लागतो. पेनिसिलियमसारख्या बुरशीत तंतूंच्या शेंड्यांवर बीजाणूंच्या माळा धरतात, तर पावावरील रायझोपसमध्ये ते गोल बीजाणुधानीत असतात. हे सारे अलैंगिक प्रजनन झाले.

खरा भेद लैंगिक प्रजननात दिसतो आणि तो नुसत्या ‘बीजाणू’ या शब्दाने कळत नाही, कारण शेवाळी व नेचे यांनाही बीजाणू असतात. वनस्पतीत नर व मादी पेशींच्या मीलनाने युग्मनज बनतो. त्याचे मातेच्या उतींत पोसले जाणारे बहुपेशीय भ्रूण होते. अळंबीच्या चक्रात भ्रूण नाही. दोन अनुरूप तंतू एकत्र येतात, पण त्यांची केंद्रके लगेच जुळत नाहीत. प्रत्येक पेशीत दोन निराळी केंद्रके शेजारी शेजारी राहतात आणि सोबतच विभागतात. हे कवकजाल असे आठवडे, कधी वर्षेही जगते. छत्रीच्या खालच्या पडद्यांवरील गदेसारख्या पेशींत ती केंद्रके शेवटी एक होतात आणि जवळजवळ लगेच अर्धसूत्री विभाजन होऊन सहसा चार बीजाणू बाहेर लटकतात.

बटण अळंबी यात अपवाद आहे. तिच्या गदापेशीवर बहुधा दोनच बीजाणू येतात आणि प्रत्येकात दोन केंद्रके जातात. ती सहसा परस्परांना अनुरूप असल्याने एकाच बीजाणूपासून उगवलेले जालही अळंबी देऊ शकते. जातीच्या संकरासाठी हीच मोठी अडचण ठरते, कारण जोडीची गरज नसलेले जाल दुसऱ्याशी सहज संकरित होत नाही.

बीजाणूंचा रंग पाहायचा असेल, तर टोपी पूर्ण उघडलेली अळंबी घ्यावी. देठ टोपीलगत कापून टोपी पडद्यांची बाजू खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी आणि वर वाटी झाकावी. साधारण ६ ते २४ तासांत पडद्यांच्या रेषांचा ठसा उमटतो. बटण अळंबीचा ठसा गडद तपकिरी येतो, धिंगरीचा पांढरा किंवा फिकट जांभळट, म्हणून काळा अर्धा कागद हवाच. ठसा उमटलाच नाही, तर बहुधा टोपीची कड देठाशी जोडणारा पातळ पापुद्रा अजून फाटलेला नसतो किंवा टोपी सुकलेली असते. बीजाणू फेकला जातो तो त्याच्या बुडाशी जमलेल्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबाच्या ताणाने, आणि कोरड्या हवेत तो थेंब तयारच होत नाही.