रक्त दिसले नाही, म्हणून अन्ननलिका शाबूत?

“उलटीतून रक्त आलं की अन्ननलिका फुटली समजायचं, आणि रक्त नसेल तर घाबरायचं कारण नाही, हे खरं का?”

नाही, बहुतेक वेळा चित्र याच्या उलट असते. जोराच्या ओकाऱ्यांनी अन्ननलिका जठराला मिळते तेथील आतले अस्तर चिरले, तर त्याखालच्या रक्तवाहिन्या उघड्या पडून लाल रक्त येते. १९२९ साली मॅलरी आणि वाइस या डॉक्टरांनी वर्णिलेली ही अर्धवट चीर बहुधा आपोआप भरते. तरीही दुर्बिणीतून तपासणी लागते, कारण काहींचा रक्तस्राव थांबत नाही.

संपूर्ण भिंत फाटते तेव्हा रक्त थोडे किंवा मुळीच दिसत नाही, कारण नुकसान छातीच्या आत होत असते. १७२३ मध्ये डच नौदलप्रमुख वासेनार यांनी भरपेट जेवणानंतर औषध घेऊन उलटी काढली आणि छातीत असह्य कळ येऊन ते दुसऱ्या दिवशी दगावले. डच वैद्य बूरहावे यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा जठरातले अन्न डाव्या फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत आढळले. भाजलेल्या बदकाचा वासही येत होता, असे त्यांनी नोंदवले आहे.

म्हणून उलटीपाठोपाठ छातीत, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात एकाएकी तीव्र वेदना, धाप, किंवा मानेवरची त्वचा दाबल्यावर बोटांखाली चुरचुर (बाहेर निसटलेली हवा तेथे साठते) ही लक्षणे रक्ताहून अधिक गंभीर मानावीत. हे दुखणे हृदयविकाराचे समजले जाते आणि वेळ जातो. अशा वेळी काहीही न खाता-पिता तातडीने रुग्णालय गाठावे. तेथे सीटी स्कॅनवर गळती दिसू शकते.