तुमच्या सोलरमध्ये ऊन जातं कुठे आणि पाणी तापतं किती?

दर जानेवारीत आम्हाला एकच फोन वारंवार येतो: "ऊन कडक आहे, मग पाणी उकळतं का येत नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आकड्यांनिशी द्यावं, म्हणून हे माहितीपत्रक.

पुण्यातलं चौघांचं घर घेऊ. गच्चीवर २ चौरस मीटरचं सपाट पॅनल आणि १०० लिटरची टाकी आहे. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून साधारण ३० अंशांत कललेलं आहे. हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी अशा पॅनलवर दर चौरस मीटरला सुमारे साडेपाच युनिट ऊन पडतं, म्हणजे दिवसाला ११ युनिट. हे युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचंच युनिट.

यातलं थोडं दाराशीच परत जातं. स्वच्छ काचही शंभरातला दहा-बारा भाग परावर्तित करते किंवा शोषून घेते, आणि काळा पत्रा आणखी चार-पाच भाग परत फेकतो. उरलेली उष्णता पत्र्यातून तांब्याच्या नळीत आणि नळीतून पाण्यात जाताना थोडी गळते. त्यामुळे पाणी अगदी थंड असतानाही हाती शंभरातले सत्तरच लागतात.

खरी गळती पुढे सुरू होते. पत्रा बाहेरच्या हवेपेक्षा जितका गरम, तितकी उष्णता काचेतून हवेत निसटते. चांगल्या पॅनलसाठी ढोबळ हिशेब असा:

कार्यक्षमता = ०.७० − ५ × (आत येणाऱ्या पाण्याचं तापमान − हवेचं तापमान) ÷ उन्हाची तीव्रता (वॅट प्रति चौरस मीटर)

सकाळी अकराच्या सुमारास पॅनलमध्ये ३० अंशांचं पाणी येतं, हवा २६ अंश आणि ऊन ९०० वॅट असतं. कार्यक्षमता येते ६८ टक्के. दुपारी साडेतीनला पाणी ५८, हवा २८ आणि ऊन ५०० वर उतरलेलं असतं, तेव्हा ती ४० टक्के. पॅनल तेच आणि काचही तीच, पण गरम झालेलं पाणी आणखी गरम करायला पॅनलला जड जातं. म्हणून शेवटचे पाच अंश सर्वांत महाग पडतात.

धूळ आणि सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हं धरून दिवसाची सरासरी ५० टक्के घेतो. म्हणजे साडेपाच युनिट. पाइपांत आणि टाकीत अर्धं युनिट गेलं की पाण्यात उरतात ५. शंभर लिटर पाणी एक अंशाने तापवायला ०.११६ युनिट लागतं, म्हणून वाढ ४३ अंशांची. सकाळचं २० अंशांचं पाणी संध्याकाळी ६३ वर जातं. रात्रीत जाड फोमचं आवरण असूनही पाच-सहा अंश उतरतात. पहाटे ५७ अंशांचं पाणी मिळतं, आणि त्यात थंड पाणी मिसळलं की ४० अंशांच्या वीस-वीस लिटरच्या नऊ बादल्या होतात.

आता एक आग्रह बऱ्याच जणांचा असतो: "पॅनल तेच ठेवा, टाकी २०० लिटरची लावा." असं केलं तर पाणी थंड राहिल्यामुळे पॅनल खरोखरच जास्त उष्णता पकडतं, पाच ऐवजी सहाच्या जवळपास युनिट. पण ती दुप्पट पाण्यात वाटली जाते आणि वाढ जेमतेम २५ अंशांची होते. संध्याकाळचं ४५ अंशांचं पाणी पहाटे अंगावर कोमट लागतं. टाकी वाढवायची असेल तर पॅनलही वाढवा. फक्त टाकी विकून पैसे घेणं आम्हाला पटत नाही.

पाणी हिशेबापेक्षा खूपच कमी तापत असेल तर दुपारी एकला गच्चीवर जा. पॅनलच्या वरच्या टोकापासून टाकीकडे जाणाऱ्या पाइपाला हात लावण्याआधी त्यावर जाड कोरडं फडकं ठेवा, तो पोळू शकतो. वरचा पाइप गरम, खालचा त्यामानाने थंड आणि दोघांत दहा-पंधरा अंशांचा फरक असेल तर पाणी नीट फिरतंय. वरचा पाइप चटका देणारा पण टाकी थंड, तर पाणी फिरत नाही: आत हवा अडकली आहे किंवा नळ्यांत क्षार साचले आहेत. एका बोअरच्या पाण्याच्या घरी आम्ही वरची आडवी नळी उघडली, तेव्हा आत खडूसारखा पांढरा थर होता. नळीतून करंगळीही जाईना. चार वाजता टाकीत जेमतेम ३८ अंश का असतात, ते तिथेच कळलं. क्षार काढल्यावर पाणी पुन्हा साठच्या घरात गेलं.

ऊन असूनही दोन्ही पाइप कोमटच असतील तर काच पुसा आणि सावली पाहा. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशच वर येतो, त्यामुळे एक मीटर उंच कठड्याची सावली साधारण ९० सेंटिमीटरपर्यंत पसरते. मे महिन्यात जागा पाहून पॅनल बसवलं असेल तर ही सावली तेव्हा दिसलेलीच नसते.