चॅटबॉटचं उत्तर तुकड्यातुकड्यांनी येतं तेव्हा

'अंधांसाठी बोलणारं एआय' अशी बातमी अधूनमधून झळकते. ज्यांना दिसत नाही ती मंडळी बोलता संगणक कधीपासून वापरताहेत! विंडोजवर फुकट मिळणारा एनव्हीडीए आणि अँड्रॉइडवरचा टॉकबॅक हे स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतात. त्यात चॅटबॉटही आपणहून बोलू लागला, तर दोन आवाज एकमेकांवर आदळतात. त्याने बोलायची गरज नाही, स्क्रीन रीडरला वाचता येईल असं लिहिलं की झालं.

गाडी अडते ती इथेच. चॅटबॉटचं उत्तर तुकड्यातुकड्यांनी उमटतं. डोळ्यांना त्याचा त्रास नाही. पण स्क्रीन रीडर नजर फिरवत नाही. पानावर आपोआप आलेला मजकूर वाचायचा, हे त्याला वेगळं सांगावं लागतं:

```html
<div aria-live="polite" lang="mr"></div>
```

`polite` म्हणजे चालू वाक्य संपलं की मग बोल. `assertive` लिहिलं, तर तो हातातलं वाचन तोडून नवं सुरू करतो. `lang="mr"` मुळे मराठी आवाज निवडता येतो.

आता समजा, उत्तर आहे: 'ठेवीवर ६.५ टक्के व्याज मिळेल.' ते 'ठेवी', 'वर ६', '.५ ट', 'क्के' असं आलं आणि प्रत्येक तुकडा थेट या चौकटीत पडला, तर कानावर 'वर सहा' येतं, मग थांबून 'पाच ट'. व्याजदराचा पत्ताच लागत नाही. मराठीत जोडाक्षरं आणि मात्राही मधेच तुटू शकतात. यावर कुणी `aria-atomic="true"` लावतं. मग दर तुकड्यागणिक सगळं उत्तर पहिल्यापासून वाचलं जातं, ते आणखी वाईट.

उपाय साधा आहे. दिसणारा मजकूर हवा तसा उमटू द्यावा, पण त्यावर `aria-live` लावू नये. नजरेआड एक दुसरी चौकट पान उघडतानाच रिकामी ठेवावी आणि वाक्य पूर्ण झालं की ते अख्खं तिच्यात टाकावं. चौकट मजकुरासकट ऐनवेळी बनवली, तर पुष्कळदा काहीच ऐकू येत नाही. वाक्य संपलं हे ओळखणंही सोपं नाही: '६.५' मधला बिंदू पूर्णविराम नव्हे, 'डॉ.' मधलाही नव्हे. बिंदूनंतर मोकळी जागा आली का, हे पाहून पहिली चूक टळते. दुसरीसाठी संक्षेपांची यादी लागते.

बोलून प्रश्न विचारताना वेगळीच पंचाईत होते. स्पीकर चालू असेल, तर स्क्रीन रीडरचं बोलणंही माइक टिपतो आणि तेच प्रश्नात घुसतं. म्हणून माइक सुरू झाल्याची खूण शब्दांनी नको, छोट्या आवाजाने द्यावी. ओळखलेला मजकूर लगेच पाठवूनही टाकू नये. 'पंधरा'चं 'पन्नास' झालंय का, हे माणसाला आधी ऐकता यायला हवं.

डोळस प्रोग्रामरने एनव्हीडीएच्या Tools मेनूतला Speech Viewer उघडावा. स्क्रीन रीडर जे बोलतो ते तिथे अक्षरांत उमटतं. 'वर ६' अशी एकटी ओळ दिसली की चूक सापडली. बोलण्याचा वेग मात्र त्यात कळत नाही. सराईत अंध वापरकर्ते इतक्या भरभर ऐकतात की नवख्याला शब्दही लागत नाही. वाक्य जमेपर्यंतचा थांबा त्यांना किती जाचतो, हे त्यांच्या हातात चॅटबॉट देऊनच कळतं.